ऑरगॅनिक भाजी घेताय? दुकानातली फ्रेम बघून खूश होऊ नका, या चुका टाळा

परवा वहिनीचा व्हॉट्सअॅपवर फोटो आला, टोमॅटोचं पॅकेट, वर हिरवं पान, खाली मोठ्या अक्षरात ऑरगॅनिक, आणि खाली वहिनीचा प्रश्न, "भावोजी, नंबर पण आहे यावर, म्हणजे खरं ना?" फोटो मोठा करून बघितला तर नंबर १४ आकडी. तो एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा, लायसन्स नंबर. असला नंबर वेफर्सच्या पाकिटावर असतो, फरसाणावर असतो, सोड्याच्या बाटलीवर पण असतो. त्याचा सेंद्रियशी काडीचा संबंध नाही. हे मी वर्षातून पाच-सहा वेळा तरी कुणाला ना कुणाला सांगतो, म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकू.

माझं फोंडा तालुक्यात छोटं कुळागर आहे, माड-पोफळी-केळी-मिरी आणि खाली थोडी भाजी, आणि काही वर्षं आम्ही गावचे शेतकरी पीजीएस या सेंद्रिय सर्टिफिकेटच्या योजनेच्या गटात आहोत. त्यामुळे सर्टिफिकेट भिंतीवर कसं दिसतं ते माहीत आहे आणि ते मिळवताना काय होतं ते पण.

पॅकेटवर नक्की काय बघायचं

पॅक केलेला माल असेल तर जैविक भारतचा लोगो बघा, आणि त्याच्यासोबत दोनपैकी एक, इंडिया ऑरगॅनिक किंवा पीजीएस-इंडिया ऑरगॅनिक. इंडिया ऑरगॅनिक म्हणजे एनपीओपी, सरकारचा सेंद्रिय कार्यक्रम, यात बाहेरची मान्यताप्राप्त संस्था येऊन तपासते, अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या देखरेखीखाली, एक्स्पोर्टचा माल याच वाटेने जातो. पीजीएस म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांची शेतं तपासायची, गटात कमीत कमी पाच जण. दोन्ही कायद्याने चालतात, २०१७ च्या एफएसएसएआयच्या नियमांत दोन्ही आहेत. पीजीएस-इंडिया ग्रीन असं लिहिलं असेल तर ती जमीन अजून बदलाच्या काळात आहे, पूर्ण सेंद्रिय नाही. फसवणूक नाही ती, फक्त पूर्ण सेंद्रियचा भाव देऊ नका एवढंच.

नॅचरल, केमिकल फ्री, फार्म फ्रेश, विषमुक्त, या शब्दांमागे वरचा लोगो नसेल तर नुसती जाहिरात.

सगळ्यात मोठी चूक: सर्टिफिकेट दुकानाचं आहे असं समजणं

ही चूक मी स्वतः आठ महिने केली आहे, तेव्हा मी गटात नव्हतो, नोकरी करत होतो आणि पणजीत राहायचो. जवळच एक दुकान उघडलं, बांबूच्या टोपल्या, मातीचे माठ, काउंटरमागे काचेच्या फ्रेममध्ये सर्टिफिकेट. मी आणि बायको दर शनिवारी जायचो आणि ढब्बू मिरची, फ्लॉवर, कोबी, टोमॅटो बाजाराच्या दुप्पट भावात घेऊन यायचो. पाटीवर लिहिलेलं, गोव्याच्या मातीतलं सेंद्रिय. छान वाटायचं.

डोक्यात पहिल्यांदा खटकलं ते जुलैत. बाहेर धो धो पाऊस, आणि टोपलीत कोरडा ठणठणीत फ्लॉवर आणि ढब्बू मिरची, गोव्याच्या मातीतली म्हणे. अरे, जुलैत गोव्याच्या उघड्या शेतात फ्लॉवर? जुलैत आमच्याकडे भेंडी, दोडकी, काकडी, अळू, भोपळ्याचा वेल हेच होतं. पॉलीहाऊसमध्ये ढब्बू होते, पण फ्लॉवर पॉलीहाऊसमध्ये कोण घालणार? तो बेळगावचा ट्रक, दुसरं काही नाही. बेळगावचा फ्लॉवर वाईट नसतो, गोवा अर्धा त्याच्यावरच जेवतो, पण मग तसं लिहा ना.

त्या दिवशी मी फ्रेमजवळ जाऊन चष्मा लावून वाचलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा. सर्टिफिकेट होतं खरंच, खोटं नव्हतं. पण नाव दुकानाचं नव्हतं, दुसऱ्याच एका बागायतदाराचं होतं. पिकांच्या यादीत काजू, नारळ, सुपारी, मिरी. भाजीचं नावच नाही. आणि मुदत संपून चौदा महिने झालेले. मी दुकानदाराला म्हटलं, "यात फ्लॉवर कुठे आहे?" तर तो म्हणाला, "सर, ते सगळं एकच असतं." एकच कसं असेल!

सर्टिफिकेट दुकानाला नसतं, पाटीला नसतं. ते एका माणसाच्या ठराविक जमिनीला आणि त्यावर घेतलेल्या ठराविक पिकांना असतं, तेही मुदतीपुरतं. त्याच माणसाने शेजारच्या दुसऱ्या तुकड्यात वांगी लावली आणि तो तुकडा नोंदवला नसेल तर ती वांगी सर्टिफाइड नाहीत. म्हणून मी आता सुटी भाजी घेताना चार गोष्टी बघतो: नाव कुणाचं, पीक यादीत आहे का, तारीख संपली का, आणि क्षेत्र किती. शेवटचं कोण बघत नाही, पण तिथेच खरी मजा. कागदावर दहा गुंठे भेंडी असेल आणि दुकानात बारा महिने रोज चाळीस किलो भेंडी विकली जात असेल तर एवढी भेंडी त्या दहा गुंठ्यांत येतच नाही, बाकीची कुठून येते ते विचारा. विचारायला लाजू नका. खरा माल विकणारा उलट खूश होतो, फाइल काढून दाखवतो, नको म्हटलं तरी सोडत नाही.

आणि दुकानदार सेंद्रिय आणि साधा माल दोन्ही विकत असेल तर ते वेगळे ओळखू येतील असे मांडणं हा नियम आहे. एकाच टोपलीत दोन्ही असतील तर मी सरळ बाहेर पडतो.

कागद नाही म्हणजे खोटं, ही उलटी चूक

फ्रेमचा किस्सा सांगितला की लोक दुसऱ्या टोकाला जातात, सर्टिफिकेट नसेल तर घेणारच नाही. असंही नाही. स्वतःचा माल थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला, वर्षाची उलाढाल १२ लाखांपर्यंत असेल तर, सर्टिफिकेटमधून सूट आहे, फक्त त्याला जैविक भारतचा लोगो लावता येत नाही. म्हणजे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तांबडी भाजी घेऊन बसलेल्या बाईकडे कागद नसणं यात काही चूक नाही. तिथे मग प्रश्न विचारून घ्यायचं, खत कुठलं घालता, कीड पडली तर काय मारता. "काहीच मारत नाही" असं झटकन उत्तर आलं की मला संशय येतो. ज्याने खरंच सेंद्रिय केलंय तो किडीबद्दल दहा मिनिटं रडतो.

पण गावठी म्हणजे आपोआप सेंद्रिय, हे डोक्यातून काढा. गावठी वांग्यावर पण फवारतात. तसंच जीआय टॅग. आगशीचं वांगं, खोल्याची मिरची, मानकुराद आंबा यांना जीआय आहे म्हणजे ते त्या त्या भागाचे आहेत, औषध मारलं की नाही याबद्दल जीआय काहीच बोलत नाही.

सेंद्रिय म्हणजे फवारणी शून्य, असं नाही

आमच्या कुळागरात पाहुणे येतात आणि पोफळीवर निळसर डाग दिसले की दचकतात. पावसाआधी कोळेरोगासाठी, म्हणजे सुपारी कुजून गळू नये म्हणून, आम्ही बोर्डो मारतो, मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी शंभर लिटर. तांबं आहे त्यात, आणि ते सेंद्रियमध्ये मर्यादेत चालतं. कडुनिंबाचं तेल चालतं. चालत नाही ती कारखान्यातली रासायनिक कीटकनाशकं, तणनाशकं, युरियासारखी खतं. म्हणून लेबल असो नसो, भाजी धुवायचीच.

शिवाय शेजारी असतो. आमच्या वरच्या बाजूला काजू आहे, पालवी-मोहोर आला की ढेकण्यासाठी ते फवारणी करतात आणि वारा आमच्याकडे. गटातले लोक तपासायला आले तेव्हा पहिलं काय बघितलं तर तीच बाजू. त्यांनी सांगितलं, त्या कडेच्या केळी वेगळ्या तोडायच्या आणि साध्या म्हणून विकायच्या. मला राग आला होता, दोन घड तर होते. पण बरोबर होतं ते. पुढे त्यांनी माझी वही बघितली, बियाणं कुठून, शेण कुणाकडून, आणि खोलीत मागच्या बाजूला जुनी औषधाची बाटली पडली होती ती पण काढायला लावली. शेजारीच तपासतात म्हणून लोक पीजीएसला नावं ठेवतात, मी म्हणतो शेजाऱ्याएवढं बारीक कुणीच बघत नाही.

जास्तीचे पैसे सगळ्यावर उधळणं

जास्त भाव फुकटचा नाही. हंगामी पिकाला पेरणीआधी निदान दोन वर्षं आणि बागायतीला तोडणीआधी तीन वर्षं जमीन बदलाच्या काळात असते, खर्च सेंद्रियचा आणि भाव साध्याचा. वर तण काढायला माणसं, आणि एनपीओपी असेल तर तपासणीची फी.

पण तुम्हाला त्या पैशांत मिळतं काय? जीवनसत्त्वं जास्त मिळतात म्हणून घेत असाल तर २०१२ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी शेकडो अभ्यास एकत्र बघितले, सेंद्रिय अन्न जास्त पौष्टिक असल्याचा भरीव पुरावा सापडला नाही, कीटकनाशकाचा अंश सापडण्याचं प्रमाण मात्र कमी होतं. म्हणजे तुम्ही पैसे देताय ते अंश कमी असण्याचे, आणि शेताच्या, ओहोळाच्या, फवारणाऱ्या माणसाच्या तब्येतीचे. मग जिथे अंश तोंडात जातो तिथेच खर्च करा.

आम्ही घरी एकदा एका आठवड्याचा हिशेब मांडला. साधी भाजी-फळं ७०० रुपये, सगळं ऑरगॅनिक घेतलं तर १२५०. वरच्या ५५० पैकी ३३० जात होते नारळ, केळी, सुरण आणि कांदे-बटाट्यावर, म्हणजे जे आपण सोलून, फोडून, साल टाकून खातो. उरलेले २२० भेंडी, हिरवी मिरची, ढब्बू, कोथिंबीर, फ्लॉवर आणि टोमॅटोवर, जे सालासकट पोटात जातं आणि ज्यांच्यावर फवारणी पण भरपूर होते. बायकोने ३३० वर काट मारली. तेव्हापासून नारळ माझेच, कांदा साधा, कोथिंबीर ओळखीच्याकडून.

बारीकसारीक

सफरचंदावरच्या स्टिकरचा पाच आकडी नंबर ९ ने सुरू होत असेल तर तो सेंद्रियचा कोड, चार आकडी म्हणजे साधं. पण हा कोड दुकानदारांच्या बिलिंगसाठी आहे, सर्टिफिकेट नाही, आणि असले स्टिकर कुणीही छापू शकतो.

भोकं पडलेली पानं म्हणजे सेंद्रिय, हे पण नाही. कधी कधी औषध मारायला उशीर झालेला असतो.

वहिनीला मी हे सगळं फोनवर सांगितलं, ती म्हणाली, एवढं कोण बघत बसणार. मग तिने पॅकेट उलटं करून अजून एक फोटो पाठवला. मागे पॅक करणाऱ्याचा पत्ता होता, तपासणाऱ्या संस्थेचं नाव नाही, जैविक भारत नाही, काही नाही. किंमत मात्र अर्ध्या किलोला ९५ रुपये.