सेलचे समतुल्य परिपथ मॉडेल: पल्स चाचणीतून R1 काढताना या चुका टाळा

बॅटरी सेलच्या एका साध्या समतुल्य परिपथात एक व्होल्टेज स्रोत, त्याच्या एकसरीत रेझिस्टर R0 आणि पुढे R1 व C1 यांची समांतर जोडी असते. या किमती सहसा एकाच डिस्चार्ज पल्सवरून काढल्या जातात आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

एक उदाहरण घेऊ. २.५ अँपिअर-तास क्षमतेचा सेल ३.७०० व्होल्टवर पूर्ण स्थिरावला आहे. त्यातून २.५ अँपिअर प्रवाह ३० सेकंद घेतला. व्होल्टेज तत्क्षणी ३.६५० वर आले आणि मग सावकाश उतरत ३.६१४ वर पोहोचले. प्रवाह थांबताच ते ३.६६४ वर उसळले आणि पुढच्या काही मिनिटांत ३.६९५ वर थांबले. या चढाचा कालस्थिरांक २० सेकंद निघाला.

तत्क्षणी झालेली ५० मिलिव्होल्टची घट म्हणजे R0, अर्थात २० मिलिओहम. मात्र नोंद दर १० सेकंदांनी होत असेल, तर पहिल्या नोंदीपर्यंत RC जोडीचीही घट त्यात मिसळते आणि R0 सुमारे २७ मिलिओहम दिसतो. त्यामुळे प्रवाह बदलतो त्या क्षणाच्या आसपास तरी नोंदी दाट हव्यात.

सर्वांत फसवी चूक R1 मध्ये होते. विश्रांतीत व्होल्टेज ३१ मिलिव्होल्ट चढले, म्हणून अनेक जण त्याला सरळ २.५ ने भागून १२.४ मिलिओहम लिहितात. परंतु ३० सेकंदांत C1 पूर्ण चार्ज झालेलाच नसतो. तो अंतिम पातळीच्या सुमारे ७८ टक्क्यांपर्यंतच पोहोचतो. म्हणून योग्य सूत्र खाली दिले आहे. त्यात ΔV म्हणजे विश्रांतीतला चढ, I म्हणजे पल्सचा प्रवाह, t म्हणजे पल्सचा कालावधी आणि τ म्हणजे कालस्थिरांक:

```
R1 = ΔV / (I * (1 - exp(-t/τ)))
C1 = τ / R1
```

यावरून R1 सुमारे १६ मिलिओहम आणि C1 सुमारे १२५० फॅरड येतो. चुकीच्या किमतीने चालवलेले मॉडेल हाच प्रवाह दीर्घकाळ सुरू राहिल्यास सुमारे ९ मिलिव्होल्ट कमी घट दाखवते.

पल्समधील सावकाश घट ३६ मिलिव्होल्ट होती, चढ मात्र ३१ चाच का, हा प्रश्न येथे पडायला हवा. उरलेले ५ मिलिव्होल्ट चार्ज कमी झाल्यामुळे स्रोताचेच व्होल्टेज उतरल्याचे आहेत. ते R1 वर टाकले, तर R1 साडेअठरा मिलिओहमच्या पुढे जातो. म्हणूनच मी R1 विश्रांतीच्या वक्रावरून काढणे पसंत करतो. तिथे प्रवाह शून्य असल्याने चार्ज बदलत नाही.

दोष कुठे आहे हे ओळखायचे, तर मोजलेल्या व्होल्टेजमधून मॉडेलचे व्होल्टेज वजा करून तो फरक काळासमोर रेखाटावा. प्रवाह बदलताना फरक एकदम उडी घेऊन तेवढाच टिकत असेल, तर R0 चुकला आहे. क्षणिक टोक उमटून लगेच शून्यावर येत असेल, तर प्रवाह व व्होल्टेज यांच्या घड्याळांत अंतर आहे. फरक पल्सभर सरळ रेषेत वाढत जाऊन विश्रांतीतही कायम राहिला, तर स्रोताचा वक्र किंवा नोंदलेली क्षमता तपासावी. विश्रांतीत तो आधी वर आणि नंतर खाली असा वाकला, तर एक RC जोडी अपुरी पडते आहे. तेव्हा R1 ओढूनताणून जुळवण्यापेक्षा अधिक मोठ्या कालस्थिरांकाची दुसरी जोडी जोडावी.