मे महिन्यात गावाला जाताना ई-स्कूटरच्या बॅटरीची तयारी

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अशात दीड महिना गाडी घरी ठेवून जायचं असेल, तर सगळ्यात आधी चार्ज बघा. फुल चार्ज करून ठेवू नका, ५० ते ६० टक्क्यांवर थांबा. यामागचं कारण बॅटरीच्या आत आहे.

लिथियम बॅटरीच्या ऋण टोकाला असलेल्या ग्रॅफाइटवर पहिल्याच चार्जिंगला एक पातळ थर बसतो, काही नॅनोमीटर ते काही दहा नॅनोमीटर जाडीचा. हा सॉलिड इलेक्ट्रोलाइट इंटरफेज, थोडक्यात एसईआय. चार्ज झालेल्या ग्रॅफाइटला टेकलेलं इलेक्ट्रोलाइट, म्हणजे आयन वाहून नेणारा द्रव, टिकत नाही, ते विघटित होतं आणि त्याच्या अवशेषांतून हा थर तयार होतो. तो लिथियमचे आयन जाऊ देतो आणि इलेक्ट्रॉन अडवतो, त्यामुळे पुढचं विघटन मंदावतं. मंदावतं, पण थांबत नाही. थर जाड होत राहतो, त्यात अडकलेलं लिथियम पुन्हा कामाला येत नाही आणि बॅटरीचा अंतर्गत रोधही वाढतो. चार्ज जितका जास्त, तितकं ग्रॅफाइट जास्त क्रियाशील, म्हणून १०० टक्क्यांवर उभी गाडी जास्त झिजते.

उष्णतेने ही क्रिया वेग घेते. ढोबळ हिशेब असा की दर १० अंशांना वेग साधारण दुप्पट होतो. २५ अंशांवर जेवढा थर सहा महिन्यांत वाढेल, तेवढा ४५ अंशांवर दीड महिन्यातच वाढतो. शिवाय थरातले काही सेंद्रिय घटक उष्णतेत मोडतात, ग्रॅफाइट पुन्हा उघडं पडतं आणि तिथे नवा थर धरतो, म्हणजे पुन्हा लिथियम खर्च. ‘आमची एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आहे, तिला उन्हाचं काही होत नाही’ हे अर्धसत्य आहे. तिचा कॅथोड, म्हणजे धन टोक, जास्त स्थिर असतो हे खरं, पण ग्रॅफाइट तिच्यातही तेच.

म्हणून जागा निवडताना पत्र्याची शेड टाळा, इमारतीखालचं बंदिस्त पार्किंग बरं. उन्हात काळं कव्हर घालणं तर उलटंच काम, आतली हवा आणखी तापते. बॅटरी निघत असेल तर घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा. फ्रिजमध्ये मात्र नको, बाहेर काढल्यावर दव धरतं. चार्जर लावून ठेवू नका. बॅटरीवर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, म्हणजे बीएमएस, थोडी वीज खात राहते, तेव्हा ५० टक्क्यांच्या फार खालीही सोडू नका.

निघण्याआधी एका सकाळी नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या मोडवर १० किलोमीटर चालवून किती टक्के उतरले ते लिहून ठेवा. परतल्यावर गाडी तापलेली असताना लगेच चार्जिंगला लावू नका. रात्री निवल्यावर पूर्ण चार्ज करा, म्हणजे टक्केवारीचा अंदाजही जाग्यावर येतो. मग तीच फेरी पुन्हा मारा. थंडीत घटलेली रेंज उन्हाळ्यात परत येते, पण एसईआयमध्ये गेलेलं लिथियम परत येत नाही. एवढ्याच अंतराला जास्त टक्के उतरत असतील आणि टायरची हवा, वजन, वेग सारखाच असेल, तर तो फरक बहुधा कायमचा धरावा.