गिअरबॉक्स ऑइलची ओळ मराठीत आणताना

साताऱ्याजवळ वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांची सर्व्हिस करणाऱ्या मुलांसाठी मी चेकलिस्ट मराठीत केली. पात्यांचा कोन बदलणारा पिच, पवनचक्कीचं तोंड वाऱ्याकडे वळवणारा यॉ, गिअरबॉक्स हे शब्द तसेच ठेवले. साइटवर तेच बोलतात. खरं काम क्रियापदांचं होतं. मूळ कागदावर सगळीकडे एकच ‘चेक’ होतं. त्याचं मी ‘बघा’, ‘मोजा’ किंवा ‘टॉर्क रेंचने तपासा’ केलं.

सगळ्यात जास्त वेळ ऑइल लेव्हलने घेतला. एकाच मशिनवर दोन टीमची नोंद वेगळी यायची. मशिन नुकतंच थांबलेलं असेल तर बरंचसं तेल अजून गिअरांवर, पाइपांत आणि फिल्टरमध्ये असतं, त्यामुळे गिअरबॉक्सवरच्या तेल दाखवणाऱ्या काचेत लेव्हल कमी दिसते. मग कोणी वरून तेल ओततो, ते जास्त होतं आणि फेस येतो. म्हणून ती ओळ अशी फोडली: ‘मशिन थांबवा. मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. मग काचेत लेव्हल बघा. तेलाचं तापमान लिहा.’ पुढे रंगाचा रकाना जोडला. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरल्याची शंका घ्यायची, टॉप-अप न करता सॅम्पल काढायचं.

पिचच्या भागात ‘रोटर लॉक लावला’ ही ओळ, पाती जिथे जोडलेली असतात त्या हबमध्ये शिरण्याच्या ओळीआधी आणली. यॉमध्ये फारसं बदललं नाही, फक्त ब्रेक डिस्कवर ग्रीस किंवा तेल आहे का, हा प्रश्न सुटा केला. टॉर्कचे आकडे आणि तेलाचा ग्रेड मात्र मूळ कागदावरून जसेच्या तसे उतरवले.