गॅलरीची वरची सळई वरच राहावी म्हणून

देवगडजवळ चिऱ्याच्या एका घराचा पहिल्या मजल्याचा स्लॅब आम्ही मे महिन्यात भरत होतो. पाऊस डोक्यावर आलेला, त्यामुळे सगळ्यांनाच घाई. पुढे चार फूट म्हणजे १.२ मीटर निघालेली गॅलरी होती. तिथला माल टाकून झाला होता आणि व्हायब्रेटरवाला पोरगा पुढे सरकला होता. मी भिंतीच्या रेषेवर ओल्या मालात खोली मोजायची खुणेची सळई खुपसली. ४५ मिलिमीटरवर लोखंड लागायला हवं होतं, ते लागलं ११० वर. गॅलरीची जाडीच १५० मिलिमीटर. म्हणजे सकाळी वर बांधलेली सळई दुपारी जवळजवळ तळाला जाऊन बसली होती.

मुकादम शांतपणे म्हणाला, "काय होऊचा नाय, सायबानू. आकड्यान वर ओढून घेतंव."

काय होतं ते आधी सांगतो, मग सळई वर कशी राखायची ते.

खोलीचा स्लॅब दोन्ही बाजूंना टेकलेला असतो. वजन आलं की तो मधे खाली झुकतो आणि त्याच्या तळाला ताण बसतो, म्हणून त्याची मुख्य सळई खाली. गॅलरी आणि छज्जा फक्त भिंतीकडच्या बाजूने धरलेले असतात. वजनाने त्यांचं टोक खाली जातं, त्यामुळे ताण वरच्या अंगाला बसतो, आणि सगळ्यात जास्त भिंतीच्या रेषेवर. काँक्रीट दाब भरपूर सोसतं, ताण फार थोडा. वरचा तो ताण सळईने घ्यायचा असतो. सळईचा जोर नुसत्या तिच्या जाडीवर नसतो, तळापासून ती किती उंच आहे यावरही असतो. दरवाजा बिजागरीजवळ ढकला आणि कडेला ढकला, तसाच हा फरक.

आमच्याच गॅलरीचा हिशेब बघा. रुंदीतला एक मीटरचा पट्टा घ्यायचा आणि प्रत्येक वजनाला भिंतीपासूनच्या अंतराने गुणायचं, किलो गुणिले मीटर. स्लॅबचं स्वतःचं वजन ४५० किलो, ते मधोमध म्हणजे ०.६ मीटरवर धरलं की २७०. लादी-प्लास्टरचे साधारण ७०. घरमालकाला टोकावर चिऱ्याचा चार थरांचा कठडा हवा होता. त्याचं मीटरला सुमारे ३५० किलो, आणि अंतर जवळजवळ पूर्ण, त्यामुळे तो एकटाच ३८० च्या आसपास जातो. माणसांसाठी चौरस मीटरला ३०० किलो धरतात, त्याचे २१५. एकूण ९३५. (कठड्याचा आकडा स्लॅबपेक्षा मोठा आहे हे लक्षात घ्या. पाइपाचं रेलिंग लावा म्हणून मी आजही भांडतो, आणि बहुतेक वेळा हरतो.)

आता ताकद. १० मिलिमीटरची सळई दर १५० मिलिमीटरवर, जागच्या जागी राहिली तर हा पट्टा साधारण २५०० पर्यंत तग धरतो. गरजेच्या अडीच पटींहून जास्त. तीच सळई ११० मिलिमीटर खोल गेली की ताकद उरते ७५० च्या आसपास. लोखंड तेवढंच, सिमेंट तेवढंच, बिलही तेवढंच. स्लॅब, लादी आणि कठडा मिळून ७२० होतात, म्हणजे रिकामी गॅलरी कशीबशी उभी. गणपतीत आरतीला दहा-पंधरा माणसं तिथे दाटीवाटीने उभी राहिली की हिशेब संपला.

मग अशा गॅलऱ्या टेकू काढताक्षणी का पडत नाहीत? कारण काँक्रीटला तडा गेलेला नसतो तोवर ते स्वतःच थोडा ताण घेतं, आणि १५० मिलिमीटर जाडीत ते थोडं पुरेसं ठरतं. म्हणूनच मुकादमाचा 'काय होऊचा नाय' वर्षानुवर्षं खरा ठरत राहतो. पण भिंतीच्या रेषेवर वरून कधी ना कधी तडा जातो, काँक्रीट सुकून आकसल्याने किंवा उन्हा-पावसाने. त्या क्षणी सगळा भार सळईवर येतो आणि सळई तर तळाला. अशी गॅलरी आधी वाकून दाखवत नाही, एकदम जाते.

आता काम. पहिली गोष्ट म्हणजे जाडी ठरवतानाच कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, धरा. समुद्रकाठच्या हवेसाठी आपल्या भारतीय मानकात ४५ मिलिमीटर कव्हर आणि निदान एम ३० प्रतीचा माल सांगितलाय. गावात सर्रास चार इंची गॅलरी करतात. १०० मधून ४५ गेले आणि सळईची निम्मी जाडी गेली की उरतात ५०, म्हणजे सळई सरळ बांधूनही ती दबल्यासारखीच. आणि कव्हर कमी केलं तर खारी हवा सळई खाते. तेव्हा जाडी वाढवण्याला पर्याय नाही. लाटांचे तुषार थेट येत असतील तर याहूनही कडक नियम लागतो.

सळई तुळईत संपवू नका. ती खोलीच्या स्लॅबमध्ये, तिथेही वरच्या अंगाला, बाहेर निघालेल्या लांबीच्या दीडपट आत न्यायची चाल आहे. १.२ मीटर गॅलरीला १.८ मीटर आत. पाणी आत येऊ नये म्हणून आपल्याकडे गॅलरी खोलीपेक्षा दोन इंच खाली घेतात. तिथे सरळ सळई आत नेली तर ती खोलीच्या स्लॅबच्या तळाशी जाते. अशा ठिकाणी तुळईतून सळई कशी वळवायची याचं वेगळं चित्र इंजिनिअरकडून काढून घ्या. फिटरच्या अंदाजावर सोडू नका.

आता आधार, म्हणजे खरी मेख. गॅलरीत खालची जाळी नसेल तर वरच्या सळईखाली मोकळी हवाच असते. बारीक कव्हर ब्लॉक तळासाठी असतात, त्यांचा इथे उपयोग नाही. सळईच्या तुकड्याची वाकवलेली चेअर चालते, पण तिचे पाय थेट सेंटरिंगवर टेकले तर सेंटरिंग काढल्यावर तेच पाय खालून उघडे पडतात, गंजतात आणि गंज वर चढतो. मी त्याऐवजी त्याच प्रतीच्या मालाचे उंच ठोकळे ओततो. उंचीचा हिशेब सोपा आहे. जाडी १५०, वरचं कव्हर ४५, मुख्य सळई १०, तिच्याखाली आडवी ८ ची, म्हणजे राहिले ८७. ठोकळा ८५ चा करायचा, त्यात बांधणीची तार आधीच रोवून ठेवायची, आणि आठवडाभर पाण्यात पिकवायचा. पहिली ओळ भिंतीच्या रेषेपासून वीतभर अंतरात, कारण सगळा खेळ तिथेच आहे. पुढे दर दोन फुटांवर एक. खोलीत शिरलेल्या १.८ मीटरलाही असाच आधार लागतो, फक्त तिथली उंची त्या स्लॅबच्या जाडीप्रमाणे काढा.

बांधून झालं की भरायच्या आदल्या संध्याकाळी स्वतः जा. सेंटरिंगच्या बाजूच्या फळ्यांवर आडवी दोरी ताणा, ती स्लॅबची वरची पातळी. दोरीपासून सळईपर्यंत मोजा. मग भिंतीजवळ सळईवर पाय ठेवून जोर द्या आणि परत मोजा. पाऊल उचलल्यावर सळई परत येत नसेल तर ठोकळे कमी पडलेत.

भरायच्या दिवशी सळई दाबते ती माणसांच्या पायांनीच. घमेली घेतलेली रांग गॅलरीवरून जाते, व्हायब्रेटरवाला सळईवर उभा राहतो, मालाचा ढीग एका जागी ओतला जातो. चालायला फळ्या टाका, पण त्या सळईवर नाही, सेंटरिंगवर ठेवलेल्या विटांच्या थप्प्यांवर. माल पुढे सरकेल तशा विटा काढून घ्यायच्या. गॅलरीत एकावेळी दोनच माणसं ठेवा. आणि एक फिटर शेवटपर्यंत थांबवून ठेवा. सळई बांधली की फिटर पैसे घेऊन निघतो ही आपली जुनी खोड. अर्ध्या दिवसाची जास्तीची मजुरी द्या, पण तो आकडा आणि तार घेऊन तिथे असू द्या.

खुणेची सळई म्हणजे ६ मिलिमीटरचा तुकडा, टोकापासून ४५ आणि ५५ वर हॅकसॉची खाच. माल समपातळीत झाला की भिंतीच्या रेषेवर दर मीटरला ती खुपसायची. ४५ च्या खाचेपाशी लोखंड लागलं तर बरोबर. इतक्या जाडीला मानक १० मिलिमीटरचीच सूट देतं, त्यामुळे ५५ च्या खाली गेलं की काम थांबवायचं.

आमचं ११० वर होतं. आकड्याने ओढल्याने का चालत नाही, ते मुकादमाला तिथेच दाखवलं. त्याने सळई ओढली, ती वर आली. पोरगं शेजारी येऊन उभं राहिलं, तीच सळई परत ७० वर. खाली आधारच नाही, तर ती कशाच्या जोरावर थांबणार? शेवटी भिंतीच्या बाजूचा दोन फुटी पट्टा घमेल्यांनी उपसून काढला. खाली पाच ठोकळे आडवे झालेले सापडले, तार बांधलेलीच नव्हती. ते उभे करून बांधले, मधे आणखी ठोकळे घातले, पुढच्या टोकापर्यंत सळई वर आली की नाही ते बघितलं आणि ताजा माल टाकून व्हायब्रेटर फिरवला. पाऊण तास गेला. हे सगळं माल घट्ट व्हायच्या आत होतं म्हणून जमलं. एकदा आवळलेल्या मालात सळई हलवली तर तिच्याभोवती पोकळी राहते आणि पकडच जाते.

छज्ज्याचं एवढंच वेगळं की तो पातळ असतो, म्हणून सळई २० मिलिमीटर दबली तरी नुकसान मोठं. शिवाय लिंटेलमधून, म्हणजे खिडकी-दरवाजावरच्या आडव्या पट्टीतून, निघालेला छज्जा वरच्या भिंतीच्या वजनाने तोललेला असतो. भिंत चढण्याआधी टेकू काढले तर सळई बरोबर असूनही तो लिंटेलसकट उलटू शकतो.

टेकू मी निदान १४ दिवस ठेवतो. वरच्या मजल्याचं सेंटरिंग त्यावर असेल तर ते उतरेपर्यंत. काढताना टोकाकडून भिंतीकडे यायचं. आधी भिंतीजवळचे काढले तर टोकाचे टेकू राहतात आणि गॅलरी काही काळ उलट्या रीतीने, दोन बाजूंना टेकलेल्या स्लॅबसारखी वागते. काढण्याआधी टोकाची पातळी पाण्याच्या नळीने भिंतीवर मारून ठेवा. काढल्यावर टोक एक-दोन मिलिमीटरहून जास्त उतरलं, किंवा आठवडाभर उतरतच राहिलं, तर टेकू परत लावा आणि इंजिनिअरला बोलवा.

जुन्या गॅलरीत शंका असेल तर लादीवर भिंतीला समांतर जाणारी चीर शोधा. पावसाचं पाणी पूर्वी नळीकडे जायचं, ते आता बाहेरच्या कडेला साचत असेल तर तीही खूण. सळई किती खोल आहे ते कव्हर मीटरने न फोडता कळतं. चीर सिमेंटने बुजवून काही साधत नाही, उलट खूण तेवढी झाकली जाते. आधी खालून टेकू द्या, वरच्या कुंड्या आणि माणसं काढा. कायमचा उपाय बहुतेक वेळा टोकाखाली तुळई आणि खांब हाच असतो. दोन्ही बाजूंना टेकली की गॅलरीच्या तळाला ताण येतो, आणि खाली बसलेली ती सळई तेव्हा योग्य जागी असते. किती खांब, कुठे आणि भिंतीजवळचा तडा कसा भरायचा, हे मात्र हिशेब करूनच.