मेलची सुरुवात आणि शेवट कसा करायचा

अनोळखी माणसाला पहिला मेल लिहिताना श्री. लिहू की श्रीमती, इथेच गाडी अडते, आणि किरण किंवा शीतल असं नाव असलं तर विचारूच नका.

१. पहिल्या मेलला पूर्ण नाव लिहून पुढे फक्त 'यांना' लावा: 'किरण (आडनाव) यांना सप्रेम नमस्कार'. बाई की पुरुष हा प्रश्नच राहत नाही. नावच माहीत नसेल तर 'महोदय/महोदया'.

२. शेवटी अर्ज असेल तर 'आपला विश्वासू' किंवा 'आपली विश्वासू', नुसती चौकशी असेल तर 'कळावे, आपला नम्र' पुरे, खाली स्वतःचं पूर्ण नाव.

३. उत्तर आलं की आधी त्याचा शेवट बघा. समोरच्याने 'धन्यवाद, किरण' एवढंच लिहिलं असेल तर तुम्हीही 'नमस्कार किरणजी' आणि 'धन्यवाद' वर या, पण त्यांच्या आधी नाही. तिकडून अजून 'आपला नम्र' येतंय तर तुम्हीही तिथेच थांबा. एकाच दिवसात तिसरा-चौथा मेल चालला असेल तर नमस्कार गाळून सरळ मुद्द्यावर आलात तरी कोणाला खटकत नाही.

फक्त एक, मधेच त्यांचे साहेब सीसीत आले किंवा तक्रारीचा विषय निघाला, की परत 'यांना सप्रेम नमस्कार' वर जा.