पाकाची तार आणि थर्मामीटर: मिठाईच्या कामात नवीन असाल तर

मी पुण्यात मिठाईच्या कारखान्यात पाकावर काम करतो. नवीन पोरं आली की पहिला प्रश्न हाच, की जिलेबी आणि गुलाबजामला एकच पाक चालतो का? नाही चालत.

जिलेबीला एकतारी लागतो. 1 किलो साखरेला अर्धा लिटर पाणी घ्या, साखर विरघळली की उकळी आणा, चमचाभर दूध टाकून वर येणारी मळी काढा. आता लक्षात घ्या, या मापात पाक आधीच बराच दाट असतो, तारेवर यायला जेमतेम 70-80 मिली पाणी उडायचं असतं, म्हणजे मळी काढली की लगेच तार बघायला लागायचं. बघताना गॅस बंदच करा, नाहीतर तुम्ही बोट लावेपर्यंत कढईतला पाक पुढे जातो. थेंब ताटलीवर टाकून कोमट होऊ द्या (गरम थेंबाला तार येतच नाही आणि बोट भाजतं ते वेगळंच), मग अंगठा आणि तर्जनीत धरून हळू उघडा. एक तार लांबून मग तुटली की झालं, लांबायच्या आधीच तुटली तर अजून दोन मिनिटं. दोन तारा दिसल्या तर दोन-तीन चमचे पाणी घालून परत एक उकळी.

थर्मामीटर वापरत असाल तर एक गोष्ट कोणी सांगत नाही. एकतारीला 104-105 डिग्री म्हणतात ते समुद्रसपाटीचं, मुंबईत बरोबर बसतं. पुण्यात पाणीच 98 च्या आसपास उकळतं, तिथे 105 पर्यंत थांबलात तर पाक कडक होणार. म्हणून आधी नुसतं पाणी उकळून आकडा बघा आणि त्यात 4-5 मिळवा. तार मात्र महाबळेश्वरला पण तीच.

गुलाबजामला तार नकोच, बोटाला तेलकट-चिकट लागला की बस. 1 किलोला पाऊण लिटर पाणी, चांगली उकळी आली, मळी निघाली की उतरवा. इथे एकतारी केला तर दाट पाक आत शिरत नाही, उलट जामूनमधलंच पाणी ओढून घेतो, मग वरून सुरकुत्या आणि मधे कोरडी गाठ. जामून कापून बघा, मधला रंग फिका आणि कोरडा दिसला तर कारण बहुतेक वेळा पाकच असतो.

मुरवताना पाक गरम हवा पण उकळता नको, उकळत्यात जामून फुटतात. जिलेबीचा पाक हात लावता येईल इतका गरम ठेवा आणि जिलेबी थेट तुपातून काढून त्यात. पाक थंड असेल तर नुसता वर चिकटतो, फार गरम असेल तर जिलेबी मऊ पडते.

जिलेबीच्या पाकात थोडं लिंबू पिळा, त्याने साखर लवकर परत जमत नाही. आणि घाणा चालू असताना पाक आटत राहतो, तेव्हा मधेमधे तार बघून गरम पाण्याचा हबका मारत जा.