निवृत्त होणाऱ्या शिक्षकांसाठी जुन्या वर्ग-फोटोंच्या व्हिडिओचं निवेदन कसं लिहावं

शाळेत घालताना ज्यांची जन्मतारीख १ जून लागली, असे पुष्कळ शिक्षक वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ३१ मे रोजी निवृत्त होतात. तेव्हा शाळेला सुट्टी असते, म्हणून निरोप समारंभ बहुतेक एप्रिलमध्येच उरकतात. फोटो गोळा करायला मार्चच्या सुरुवातीपासून लागा.

समजा, सांगलीत कृष्णेकाठच्या एका शाळेतल्या गणिताच्या बाईंसाठी पाच मिनिटांचा व्हिडिओ करायचा आहे. प्रत्येक फोटो सरासरी दहा सेकंद धरला तर तीस फोटो पुरतात. शांतपणे बोललं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. पण सलग बोलायचं नाही. एक तृतीयांश वेळ शांत ठेवला, तर निवेदन सव्वातीनशे शब्दांत बसवायचं. त्याहून लांबलं, तर वाचणारा घाई करणार आणि समारंभाच्या हॉलमध्ये आवाज घुमून शब्द एकमेकांत मिसळणार.

शांतता कुठे ठेवायची, हे वर्गाचा फोटो सांगतो. पुढे मांडी घालून बसलेली मुलं, मध्ये खुर्च्यांवर शिक्षक, मागे बाकावर उभी उंच पोरं. हा फोटो पडद्यावर आला की समोर बसलेला प्रत्येक जण स्वतःला शोधतो, मग शेजारच्याला दाखवतो. त्या वेळी कुणाचंही निवेदनाकडे लक्ष नसतं. म्हणून समूह-फोटोला सोळा सेकंद द्या आणि पहिले पाच-सहा सेकंद काही बोलू नका. एकट्या बाईंच्या फोटोला सात सेकंद पुरे.

आता बोलायचं काय? फोटोत दिसतं ते सांगायचं नाही. ‘या फोटोत बाई मुलांसोबत बसलेल्या दिसत आहेत’ हे वाक्य वाया जातं. फोटोच्या चौकटीबाहेरचं सांगा आणि ते मिळवायला त्या-त्या वर्गातल्या दोघा-तिघांना फोन करा. ‘बाई कशा होत्या?’ असं विचारलं की ‘खूप प्रेमळ’ एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा, ‘त्या वर्षी वर्ग कुठं भरायचा? बाई चिडल्या की काय म्हणायच्या? डबा खाताना कुठं बसायच्या?’ एकाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्याकडून पक्की झाली, तरच लिहा. मुलाला मार बसल्याचा किंवा कुणी नापास झाल्याचा किस्सा हसत सांगितला गेला, तरी घेऊ नका. ज्याचा किस्सा आहे तो सभागृहात बसलेला असतो.

मग वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे फोटोचा क्रमांक, उजवीकडे निवेदन:

फोटो ९. सातवी ब, १९९८-९९.
(सहा सेकंद शांत.) ‘पुढच्या पाटीवरचं अक्षर बाईंचं. त्या पावसाळ्यात वर्ग गळत होता, म्हणून अपूर्णांक शिकवले ते व्हरांड्यात, भिंतीला फळा टेकवून.’

एवढंच. दोन वाक्यं, दहा सेकंदांत संपणारी. भाषा बोलीतलीच ठेवा. ‘ज्ञानदानाचे पवित्र कार्य’ आणि ‘अनमोल योगदान’ मानपत्रात येऊन गेलेलंच असतं; निवेदनात ते आलं की बाई कुणी दुसऱ्याच वाटू लागतात.

फोटो सालवार लावायची सवय असते, पण तीस वर्षं क्रमाने पाहताना मधली दहा सारखीच दिसतात. मी सुरुवातीला त्यांच्या नोकरीतला सगळ्यात जुना समूह-फोटो घेते, मग विषयाने गट करते: वर्ग, सहल, स्नेहसंमेलन, शिक्षक-खोली. साल पाटीवर वाचता येतं, ते बोलायची गरज नसते.

२००५ च्या पुरात सांगलीतल्या अनेक घरांतले अल्बम भिजले. तसा डागाळलेला फोटो मिळाला तर वगळू नका आणि डाग पुसत बसू नका. ‘हा फोटो पुरातून वाचला’ एवढं म्हणा आणि थांबा. चिकटलेला फोटो मात्र काचेवरून ओढू नका, कागदावरचा चित्राचा थर काचेला राहतो. फ्रेमसकट खिडकीजवळच्या सावलीत, फोन किंचित तिरका धरून टिपा, म्हणजे काचेवर प्रतिबिंब येणार नाही.

फोटोतलं एखादं मूल आज हयात नसेल, तर त्याचं नाव घेण्याआधी घरच्यांना विचारा. त्यांनी ‘घ्या’ म्हटलं, तर फक्त नाव घ्या, कारण सांगू नका.

रेकॉर्डिंग आधी, फोटो नंतर. पंखा बंद, खोलीत गाद्या-रजया, फोन तोंडापासून वीतभर लांब. एकेका फोटोचं निवेदन वेगळं रेकॉर्ड करा, म्हणजे एक नाव चुकलं तरी सगळं पुन्हा वाचावं लागत नाही. नावांचे उच्चार त्या-त्या वर्गातल्या माणसाकडून तपासून घ्या. आडनाव चुकलं की टाळ्यांऐवजी कुजबुज ऐकू येते.

आदल्या दिवशी हॉलमधल्याच स्पीकरवर, सगळ्यात मागच्या रांगेत उभं राहून ऐका. तिथे शब्द कळत नसतील तर पार्श्वसंगीत निम्मं करा, तरीही कळले नाहीत तर ते काढूनच टाका.